पांढरी वाळू, काळा कातळ

मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा भावाने घराला मागच्या बाजूने एक खोली वाढवायला काढली होती. खळ्यात चिऱ्यांच्या रांगा, गडग्याला लागून काळी खडी आणि फणसाच्या सावलीत वाळूचा ढीग. माझा भाचा बाबू, यंदा आठवीत गेलेला, त्या ढिगावर मांडी घालून बसला होता. मी पाय धुऊन ओटीवर टेकते न टेकते तोच तो मूठभर वाळू घेऊन पुढे आला.

“आत्ये, ही वाळू खयसून इली?”

“नदीतली असेल.”

“ता माका म्हायत आसा. पण नदी घाटातसून येता. घाटात सगळो काळो कातळ. मगे वाळू पांढरी कशी?”

(त्याचं पुढचं बोलणं सगळ्यांना कळावं म्हणून पुस्तकी मराठीत लिहिते. वाचताना मात्र मालवणी सुरात ऐका.)

आमचं गाव कणकवली तालुक्यात, फोंडाघाटाच्या पायथ्याशी. मान वर केली की सह्याद्रीची भिंत दिसते, आणि ती काळ्या बेसाल्टची आहे हे इथल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. मी भूविज्ञान शिकले, त्यातच पोट भरते, पण लहानपणी याच ढिगांवर खेळताना मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

बाबूच्या पुस्तकात खडकांच्या चक्राचं चित्र आहेच. तप्त शिलारस थंड होऊन अग्निज खडक, तो झिजून गाळ, गाळ दबून स्तरित खडक, तो उष्णतेने आणि दाबाने बदलून रूपांतरित, मग तो वितळून पुन्हा शिलारस. एका गोलात पाच बाण. त्याने ते मला घडाघडा म्हणून दाखवलं. “पण त्या चित्रातला आपला दगड कुठला?” असं मी विचारलं तेव्हा तो गप्प झाला. मग ठरवलं, सुट्टीचे दहा दिवस आहेत, तर या वाळूचाच माग काढायचा.

पहिल्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. मी त्याला माझं दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं, पांढऱ्या ताटलीत चिमूटभर वाळू पसरली आणि सुईच्या टोकाने एकेक कण बाजूला करत शंभर कण मोजायला लावले. भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि ताटली वर आणायची, हे जमायला त्याला अर्धा तास लागला. लोक भिंग हातभर लांब धरतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात. शेवटी हिशोब लागला तो असा: 74 कण काचेसारखे, पांढरट किंवा किंचित पिवळसर, 17 काळपट, ठिसूळ, बाकीचे तांबूस, मातकट. मग मी एक लोहचुंबक कागदात गुंडाळून वाळूवरून फिरवलं. कागदाला काळ्या भुकटीची मिशी फुटली. ते मॅग्नेटाइट, लोहाचं खनिज, बेसाल्टमधून सुटलेलं. म्हणजे बेसाल्ट ढिगात होता, पण थोडका. काचेसारखे कण मात्र चाकूच्या पात्याने ओरखडत नव्हते, उलट पात्यावरच ओरखडा उठत होता. ही गारगोटी, क्वार्ट्झ.

इथे खरी अडचण सुरू होते. बेसाल्टमध्ये वजनाने जवळजवळ निम्मी सिलिका असते, पण ती सगळी फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या दुसऱ्या खनिजांत बांधलेली. क्वार्ट्झ म्हणून सुटी अशी ती आपल्या घाटाच्या बेसाल्टमध्ये सहसा नसतेच. जुन्या वायूच्या पोकळ्यांत गारेचे सुंदर स्फटिक सापडतात, ते खरं, पण एवढ्याशा मालावर नदीचं पात्र भरत नाही. तेव्हा ही पांढरी वाळू घाटाच्या काळ्या कातळाची नव्हे. बाबूचा संशय बरोबर होता.

“मग काळा कातळ झिजून गेला कुठे?”

याचं उत्तर खळ्यातच रचून ठेवलं होतं. मी त्याला चिऱ्यावर बसवलं. पण आधी दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून घाटरस्त्याला गेलो, कारण मधली पायरी तिथे दिसते. रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे तिथे कातळात गोल गोल धोंडे दिसतात, आणि प्रत्येक धोंड्याला कांद्यासारखे पापुद्रे. बाबूने बाहेरचा पापुद्रा बोटाने दाबला, तो पिवळसर भुगा होऊन पडला. त्याच्या आतला पापुद्रा नखाने निघाला. त्याच्या आतला निघेना. मी हातोडीने गाभा फोडला, आत घट्ट, काळाकुळीत बेसाल्ट. एकाच धोंड्यात, वीतभर अंतरात, खडक आणि माती यांच्या मधल्या सगळ्या अवस्था.

हे कसं होतं ते असं. कातळाला आधी भेगा असतात. लाव्हा थंड होताना आकसतो तेव्हाच त्या पडतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि भेगांतून आत शिरतं. चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्यांवर ते तीन बाजूंनी हल्ला करतं, कडांवर दोन बाजूंनी, सपाट बाजूवर एकाच. कोपरे आधी जातात, तुकडा गोल होतो. फेल्डस्पारची चिकणमाती होते. पायरॉक्सीनमधलं लोह गंजतं, म्हणून रंग तांबडा. कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम विरघळून नदीवाटे समुद्राला मिळतात. आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात आणि त्यावर बारा महिने ऊब. अशा हवेत हे काम थांबत नाही. पुढे पुढे सिलिकासुद्धा धुऊन जाते आणि मागे उरतात फक्त न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम. तोच आपला जांभा. त्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली दिलं, केरळातल्या अंगाडिपुरम इथे लोकांना तो विटांसारखा कापताना पाहून; लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. चिरेखाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो आणि उघड्यावर वाळला की कडक होतो, हे आमच्या गावचा कुठलाही गवंडी सांगेल.

बाबू म्हणाला, “म्हणजे चिरा म्हणजे कुजलेला कातळ.”

मी इतक्या वर्षांत याहून चांगली व्याख्या ऐकलेली नाही. आणि पुस्तकातल्या गोल चित्रात या चिऱ्याला जागा नाही हेही त्याच्या लक्षात आलं. जांभा गाळ होऊन वाहून गेला नाही, थरांत साचला नाही, तापला नाही, वितळला नाही. जागच्या जागी बसून बदलला. बेसाल्ट कुजतो तेव्हा त्याची बहुतेक माती होते आणि मीठ-क्षार पाण्यात जातात, म्हणून टिकाऊ वाळूच्या रूपात तो फारसा उरत नाही. काही काळ्या कणांच्या रूपात नदीत येतो, पण ते कणही वाटेत कुजत असतात. घाटमाथ्यावरच्या ओढ्यांत म्हणूनच वाळू काळपट दिसते. पांढरे दाणे कुठून तरी मधूनच नदीत शिरतात.

ते कुठून, हे शोधायला तिसऱ्या दिवशी नदीच्या काठाने चालत वर निघालो. मागाचा नियम एकच: दर दोनशे-तीनशे पावलांवर ओंजळभर वाळू उचलायची, भिंगाखाली बघायची, कागदाच्या पुडीत बांधून जागेचं नाव लिहायचं. पुड्या बांधणं बाबूला पहिल्यांदा कंटाळवाणं वाटलं. पण तिसऱ्या पुडीनंतर पांढऱ्या दाण्यांचं प्रमाण वाढायला लागलं आणि त्याची पावलं भरभर पडू लागली. डावीकडून एक व्हाळ येऊन मिळत होता. त्याच्या तोंडाशी वाळू जवळजवळ निव्वळ पांढरी. संगमाच्या वर नदीतली वाळू एकदम काळपट. आम्ही व्हाळात वळलो.

पंधरा मिनिटांत तो खडक समोर उभा होता. फिकट, पिवळसर-गुलाबी, आडव्या थरांचा. थरांच्या एका सपाट फरशीवर बारीक लाटा उमटलेल्या, एकमेकींना समांतर, बोटभर अंतरावर. बाबूने बूट काढून त्यावर अनवाणी पाय ठेवला. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर चालताना तळव्याला जे लागतं, तेच लागत होतं. फक्त हे दगडाचं होतं.

हा वालुकाश्म, वाळूचाच झालेला दगड. भूविज्ञानात याला कलादगी समूह म्हणतात, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून. बदामीची लेणी आणि गोकाकचा धबधबा याच कुळातल्या खडकांत आहेत. आमच्या तालुक्यात कासार्ड्याला जी सिलिका वाळू खणतात आणि काचेच्या व ओतकामाच्या धंद्यासाठी पाठवतात, तीही यातलीच. त्याचं वय ढोबळमानाने शंभर कोटी वर्षांच्या आसपास धरता येतं. एकेकाळी इथे उथळ पाणी होतं आणि त्याच्या तळावर लाटा हलत होत्या. त्या काळी जमिनीवर झाड नव्हतं, गवत नव्हतं, प्राणी नव्हता. नुसते उघडे डोंगर आणि त्यांच्यावरून वाहून आलेली वाळू.

मी हातोडीने एक कपची काढली आणि त्याला ताज्या भेगेवर बोट फिरवायला सांगितलं. वालुकाश्म फुटतो तेव्हा भेग सहसा दाण्यांच्या कडेकडेने जाते आणि पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत लागतो. क्वार्ट्झाइट, म्हणजे तापून-दबून घट्ट झालेला वालुकाश्म, फुटतो तेव्हा भेग दाण्यांच्या आरपार जाते आणि पृष्ठभाग चकाकतो. आमची कपची काही ठिकाणी खरखरीत, काही ठिकाणी चकचकीत. इथे नवखे लोक फसतात. चकाकी दिसली की ‘रूपांतरित’ असा शिक्का मारतात. पण दाण्यांच्या मधून झिरपणाऱ्या पाण्याने सिलिकाच आणून भरली, तर फारसा न तापताही वालुकाश्म तितकाच टणक होतो. लाटांचे ठसे इतके स्वच्छ टिकलेले आहेत, थर आडवेच आहेत, अभ्रकाचे नवे पत्रे वाढलेले नाहीत; तेव्हा हा खडक फार तापलेला नाही. दगडाचं नाव ठरवताना एका खुणेवर विसंबू नये, हे मी त्याला सांगितलं, आणि ते मला माझ्या सरांनी असंच व्हाळात उभं करून सांगितलं होतं.

थोडं वर चढलो तर तो पांढरा खडक संपला आणि त्याच्या डोक्यावर काळा बेसाल्ट सुरू झाला. मध्ये हातभर तांबडी, भाजल्यासारखी माती. मी बाबूचा अंगठा खालच्या खडकावर आणि करंगळी वरच्या खडकावर ठेवली.

“खालचा शंभर कोटींच्या आसपासचा. वरचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, दख्खनच्या लाव्ह्याचा. तुझ्या हाताखाली नव्वद कोटींहून जास्त वर्षं आहेत.”

“ती गेली कुठे?”

त्या काळात इथे काही साचलं असेल तर ते झिजून गेलं. जमीन उघडी होती, डोंगर उतरत होते, नद्या वाहत होत्या, आणि त्याची नोंद म्हणून उरली ती ही रेघ. अशा रेघेचा अर्थ पहिल्यांदा नीट लावला तो जेम्स हटन याने. 1788 साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सिकार पॉइंट इथे त्याने उभे थर आणि त्यांच्यावर आडवे पसरलेले तांबडे वालुकाश्म दाखवले. खालचे थर साचायला, वळून उभे राहायला, झिजायला आणि मग त्यांच्यावर नवे साचायला जेवढा काळ लागला असेल, तो माणसाच्या हिशोबात मावणारा नव्हता. आमच्या व्हाळातली रेघ त्याच जातीची आहे. लोक तिथे म्हशी धुतात.

घरी आल्यावर बाबूने पाटीवर काढलं: ग्रॅनाइट, वाळू, वालुकाश्म, वर लाव्हा, मग सह्याद्री झिजला, वालुकाश्म उघडा पडला, पुन्हा वाळू. मी म्हटलं, छान आहे, पण पुरावा? हा पांढरा दाणा एकदा दगडात अडकून सुटलेला आहे, हे कशावरून? तो सरळ एखाद्या ग्रॅनाइटमधून आला नसेल कशावरून?

याचा पुरावा मात्र भिंगाने मिळत नाही. मी ढिगातली डबीभर वाळू पुण्याला नेली. वाळू चिकट राळेत बसवून तिची वडी करतात, वडी काचेला चिकटवून घासत घासत 0.03 मिलिमीटर जाडीची करतात. एवढ्या पातळपणाला दगड पारदर्शक होतो. मग सूक्ष्मदर्शक. आणि तिथे ते सापडलं. एका दाण्याच्या पोटात धुळीच्या बारीक ठिपक्यांचं एक वर्तुळ होतं. ते म्हणजे मूळ दाण्याची कड, पहिल्या प्रवासात घासून गोल झालेली आणि वर धूळ बसलेली. त्या वर्तुळाच्या बाहेर स्वच्छ क्वार्ट्झचा नवा लेप, वालुकाश्म होताना झिरपत्या पाण्याने चढवलेला. नवा लेप वाढतो तेव्हा त्याला स्फटिकाच्या सरळ कडा येतात. पण या दाण्याच्या लेपाच्या कडाही झिजून गोल झाल्या होत्या. म्हणजे दाणा एकदा गोल झाला, दगडात अडकला, त्यावर लेप चढला, दगडातून सुटला आणि दुसऱ्यांदा गोल झाला. अडीचशे दाण्यांत असे अकरा सापडले. बाकीच्यांवर लेप नव्हता किंवा झडून गेला होता, तेव्हा त्यांच्याबद्दल छातीठोक काही सांगता येत नाही. पण अकरा पुरेसे होते. मी फोटो काढून भावाच्या फोनवर पाठवला. खाली बाबूचं उत्तर आलं: “कांदा!”

धुळीच्या वर्तुळाच्या आतला भाग त्याहून जुना. कलादगीचे थर ज्या पायावर बसले आहेत तो ग्रॅनाइट आणि नाइस या रूपांतरित खडकाचा पाया अडीचशे-तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातला फेल्डस्पार कुजून माती झाला, क्वार्ट्झ कुजला नाही, तो वाळू झाला. दाणा जन्मला तो बहुधा तिथे, जमिनीखाली कित्येक किलोमीटर, हळूहळू थंड होणाऱ्या शिलारसात. आता तो माझ्या भावाच्या भिंतीत जाणार होता.

गणपतीला पुन्हा गावी गेले तेव्हा बाबू वाटच बघत होता. त्याचा उरलेला बाण त्याला हवा होता, वितळण्याचा. “दगड खाली जाऊन वितळतो आणि लाव्हा होतो. म्हणजे घाटाचा लाव्हा जुन्या वाळूचाच झालेला ना?”

हा गैरसमज त्या गोल चित्रामुळे होतो आणि तो पुष्कळ मोठ्या माणसांतही असतो. दख्खनचा लाव्हा वितळलेल्या वाळूचा नव्हे. तो आला कवचाच्या खालून, प्रावरणातून. प्रावरणाचा खडक घनच असतो, पण तापलेला असल्याने सावकाश वर सरकतो. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तेवढ्यानेच त्याचा थोडा भाग वितळतो. उष्णता नव्याने घालावी लागत नाही. तो रस सुमारे 1100 ते 1200 अंश सेल्सिअसला बाहेर पडतो, पातळ असतो, दूरवर पसरतो आणि काळा बेसाल्ट होतो. वाळू आणि चिखल वितळले असते तर रसात सिलिका भरपूर आली असती आणि खडक फिकट झाला असता, ग्रॅनाइटसारखा. रंगच साक्ष देतो. चक्राला प्रावरणातून सतत नवा माल मिळत असतो, ते नुसतं जुन्याच मालावर फिरत नाही.

मग गाळ वितळून खडक होतो हे दिसतं कुठे? आमच्या कोकणात नाही. मी पिशवीतून एक पांढराशुभ्र दगड काढून पाटावर ठेवला. विद्यार्थी असताना गंगोत्रीच्या वर गेले होते, हिमनदीने आणून टाकलेल्या धोंड्यांतून उचलला होता. त्यात काळ्या सुया अडकलेल्या, टूर्मलीनच्या, आणि अभ्रकाच्या चकत्या. शिवलिंग आणि भागीरथीची शिखरं या ग्रॅनाइटची आहेत.

त्याचा प्रवास मी बाबूला सांगितला तो असा. भारताच्या उत्तर काठावर जुना चिखल आणि वाळू साचली होती. भारत आशियाला जाऊन भिडला, काठ दुमडला, थर एकमेकांखाली ढकलले गेले. चिखलाचा आधी पाटीचा दगड झाला, ज्यावर तू लिहितोस. आणखी खाली, तीनशे-चारशे अंशांपुढे, त्यात अभ्रक वाढला आणि खडक चमकू लागला. पाचशेच्या आसपास त्यात लाल गार्नेट उगवले. या सगळ्यात खडक घनच होता. रूपांतर म्हणजे वितळणं नव्हे, खनिजांनी घन अवस्थेतच एकमेकांत अणूंची अदलाबदल करणं. मग सातशे अंशांच्या पुढेमागे, वीसेक किलोमीटर खोल, अभ्रकालाच ते सोसेना. अभ्रकाच्या घडणीत थोडं पाणी असतं. अभ्रक मोडला, पाणी सुटलं, आणि पाण्यामुळे शेजारचे क्वार्ट्झ-फेल्डस्पार कमी उष्णतेत वितळले. तो दाट, चिकट रस लांब जाऊ शकला नाही, फार तर काही किलोमीटर वर सरकला आणि सुमारे 2 ते 2.5 कोटी वर्षांपूर्वी तिथेच गोठला. लाव्हा म्हणून तो कधी बाहेर पडलाच नाही. हिमालय उचलला गेला, वरचं छप्पर झिजलं, आणि मग तो शिखर म्हणून उघडा पडला.

बाबू बराच वेळ तो दगड पालथा-उताणा करत राहिला. “म्हणजे हा चिखल होता,” तो म्हणाला, आणि नंतर, “आणि आता पुन्हा गंगेची वाळू होणार.” होतच आहे, मी म्हटलं. सगळे दगड चक्रातल्या सगळ्या थांब्यांवर जात नाहीत. आपला दाणा दोनदा वाळू झाला आणि वितळण्याच्या वाटेला दुसऱ्यांदा गेलाच नाही. चिरा जागेवर बदलला. हा गंगोत्रीचा सगळी वाट चालून आला.

दिवाळीच्या सुट्टीत बाबू मामाकडे अलिबागला गेला होता. तिथल्या वाडीतल्या विहिरीचं बांधकाम आणि कुंपणाचा गडगा एका भोकाभोकांच्या, भुऱ्या दगडाचा आहे. तिकडे त्याला करल म्हणतात. ही भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली वाळू आणि शिंपल्यांचा चुरा, कॅल्शियम कार्बोनेटने सांधलेला. शिंपल्यांतला चुना पाण्यात थोडा विरघळतो, ऊन लागून पाणी उडालं की दाण्यांच्या मधल्या फटींत पुन्हा बसतो. त्याला खोल दबण्याची गरज लागत नाही, कोटी वर्षांचीही नाही. कोकणातली करल काही हजार वर्षांपूर्वीची आहे. जगात काही किनाऱ्यांवर अशा दगडात बाटल्यांच्या काचा अडकलेल्या सापडल्या आहेत.

रात्री फोन आला. “आत्ये, समुद्रावर करलीत कौलाचा तुकडा अडकलाय. मंगलोरी कौल आहे, त्यावर अक्षरं आहेत. म्हणजे हा दगड किती जुना?”

मलाही उभं राहून बोलावंसं वाटलं. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली. कौल खरोखर दगडात सांधलेलं असेल, तर त्याच्या भोवतीचा दगड तेव्हापासून आजवरच्या काळात बनलेला. पण आधी काय तपासायचं ते मी त्याला सांगितलं. तुकडा नुसता भोकात अडकला आहे का बघ. कड धरून हलव. हलला नाही तर भिंग घेऊन सांध्यात बघ, वाळूचे दाणे कौलाला चिकटलेत का आणि मध्ये पांढरी सांधणी आहे का. त्यावर लिंबाचा रस सोड, चुना असेल तर बुडबुडे येतील. मग बाजूचाही एखादा शिंपला असाच हलवून बघ, म्हणजे तुलना होईल. फोटो काढ, आणि ठोकू नकोस.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला त्याचा निरोप आला, तीन ओळींचा.

“कौल हललं. हातात आलं. खाली नुसती ओली वाळू होती, सुटी.

पण शेजारी तिसऱ्यांची एक शिंपली आहे. ती हलत नाही. लिंबू टाकलं तर तिच्या कडेने फसफसतंय.

पुडी बांधली आहे, जागेचं नाव घातलंय.”